बाटलीतली दारू गेली कुठे? पोअर कॉस्ट, तफावत आणि कुणावर बोट ठेवण्याआधीचा हिशेब

बारमध्ये गर्दी आहे, गल्लाही बरा जमतोय, आणि तरी हिशेबनीस सांगतो की या वेळी पोअर कॉस्ट चढली आहे. मालकाच्या मनात पहिला शब्द येतो तो चोरीचा. मग काउंटरवरच्या एखाद्या मुलावर डोळा ठेवला जातो, आठवडाभर कुजबुज चालते आणि कधीकधी त्याची नोकरीही जाते. पुढच्या महिन्यात आकडा पुन्हा तिथेच असतो. ज्याला घालवलं त्याने कदाचित काहीच केलेलं नसतं. हे टाळता येतं. दारू जिथून जाते तिथे आकड्यांत एक ठरावीक खूण ठेवून जाते, आणि ती खूण वाचता आली तर संशयावर काम चालवावं लागत नाही. म्हणून इथे एका काल्पनिक बारचा एकच आठवडा घेऊन तो पूर्ण उलगडू. रकमा समजण्यापुरत्या आहेत, चलन कुठलंही धरा.

पोअर कॉस्ट म्हणजे काय

शंभराची दारू विकताना किती खरेदी किमतीची दारू खर्ची पडली, ती टक्केवारी म्हणजे पोअर कॉस्ट. सुरुवातीचा साठा अधिक मधली खरेदी वजा शेवटचा साठा, म्हणजे किती दारू वापरली गेली ते कळतं. त्याला विक्रीने भागायचं.

आपल्या बारमध्ये सोमवारी सकाळी ६०,००० किमतीचा साठा होता. आठवड्यात २८,०००चा माल आला. पुढच्या सोमवारी सकाळी ६३,०००चा साठा उरला. म्हणजे २५,०००ची दारू वापरली गेली. विक्री झाली १,००,०००ची, तेव्हा पोअर कॉस्ट २५ टक्के. एरवी ती २१ टक्क्यांच्या आसपास असायची. चार टक्के चढली.

आता हे चारही टक्के कुणी खाल्ले का? तसं म्हणता येत नाही. टॅक्सीवाल्याचं उदाहरण घ्या. त्याच्या कमाईतला पेट्रोलचा वाटा वाढला, तर भाडं कमी मिळालं असेल, पेट्रोल महागलं असेल किंवा टाकी गळत असेल. गळती शोधायची तर गाडी किती किलोमीटर चालली आणि तेवढ्याला किती लिटर लागायला हवं होतं, हेच बघावं लागतं. बारमध्येही तसंच आहे. पुरवठादाराने भाव वाढवला, सवलतीच्या वेळेत जास्त विक्री झाली किंवा गिऱ्हाईक कमी नफ्याच्या महाग दारूकडे वळलं, तर एक थेंबही न हरवता पोअर कॉस्ट चढते. उलटही होतं: स्वस्त आणि जास्त नफ्याची दारू भरपूर खपली की पोअर कॉस्ट छान दिसते आणि खरी गळती तिच्याखाली झाकून जाते. ही दुसरी परिस्थिती मला जास्त घातक वाटते, कारण तेव्हा कुणी शोधतच नाही.

मग बघायचं काय? तफावत

बिलिंग मशीनमध्ये प्रत्येक विकलेल्या पेयाची नोंद असते. प्रत्येक पेयाचं माप ठरलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार केला की किती दारू वापरली जायला हवी होती ते निघतं. बाटल्या मोजून प्रत्यक्षात किती वापरली गेली ते निघतं. या दोहोंमधला फरक म्हणजे तफावत, व्हेरिअन्स म्हणतात ती हीच.

आपल्या बारमध्ये बिलांप्रमाणे २२,०००ची दारू लागायला हवी होती. म्हणजे चढलेल्या चार टक्क्यांतला एक टक्का निव्वळ विक्रीच्या मिश्रणाचा होता. त्या आठवड्यात महाग व्हिस्की जास्त गेली, एवढंच. उरलेले ३,००० मात्र खरोखर कुठेतरी गेले.

ही एकूण रक्कमही फार काही सांगत नाही. तफावत ब्रँडनिहाय आणि मिलिलिटरमध्ये काढली तरच ती बोलायला लागते. पैशांत बेरीज केली की एका ब्रँडची तूट आणि दुसऱ्याची वाढ एकमेकांत विरून जाते, आणि नेमकी तीच जोडी बघण्यासारखी असते. ती पुढे येईलच.

"मोजणीच चुकली असेल तर?"

ही शंका अगदी रास्त आहे, आणि तपासाची सुरुवात इथूनच करावी. बऱ्याच ठिकाणी उघडी बाटली डोळ्यांनी बघून दहाव्या भागात मोजतात: ही सहा दशांश, ती तीन दशांश. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत एक दशांश म्हणजे ७५ मिलिलिटर, ३० मिलिलिटरच्या मापाने अडीच पेग. बाटलीचा खांदा निमुळता असेल किंवा बूड जाड असेल तर डोळा हमखास फसतो. दहा उघड्या बाटल्यांत अशा चुका एकाच बाजूला गेल्या, तर तफावतीचा मोठा भाग कागदावरच तयार होतो.

यावर उपाय साधा आहे, तो म्हणजे वजनकाटा. ४० टक्के अल्कोहोल असलेल्या दारूचं वजन मिलिलिटरला साधारण ०.९५ ग्रॅम भरतं. समजा एका ब्रँडची रिकामी बाटली ४८० ग्रॅमची आहे. उघडी बाटली काट्यावर ८३६ ग्रॅम भरली, तर आत ३५६ ग्रॅम दारू आहे. त्याला ०.९५ने भागलं की ३७५ मिलिलिटर, बरोबर अर्धी बाटली. रिकाम्या बाटलीचं वजन प्रत्येक ब्रँडसाठी एकदा करून ठेवावं. तोंडाला ओतणी लावलेली असेल तर ती काढून तरी वजन करावं, नाहीतर दर वेळी तिच्यासकट. गोड लिकर साखरेमुळे जड असतात, त्यांना ०.९५ चालत नाही. त्यांचा आकडा भरलेल्या बाटलीवरून काढावा: भरलेल्या आणि रिकाम्या बाटलीच्या वजनातला फरक भागिले आतलं माप.

मोजणीच्या चुकीची एक ओळख लक्षात ठेवण्यासारखी आहे. या आठवड्याचा शेवटचा साठा हाच पुढच्या आठवड्याचा सुरुवातीचा साठा असतो. आज एक बाटली मोजायची राहिली, तर या आठवड्यात तेवढी तूट दिसते आणि पुढच्या आठवड्यात तेवढीच वाढ. तेव्हा एखाद्या ब्रँडची तफावत एकदा खाली, एकदा वर अशी हेलकावे खात असेल, तर ती बहुतेक वेळा मोजणीतली असते. खरी गळती दर आठवड्याला एकाच बाजूला जाते.

वेळेचाही घोळ होतो. साठा सकाळी आठला मोजला आणि विक्रीचा अहवाल रात्री बारापर्यंतचाच घेतला, पण बार दोनपर्यंत चालू होता, तर शेवटच्या दोन तासांची दारू 'हरवलेली' दिसते. बार बंद असताना, नवा माल येण्याआधी मोजायचं आणि अहवाल त्याच क्षणापर्यंतचा घ्यायचा.

आपल्या आठवड्यात काय सापडलं

मोजणी वजनाने पुन्हा केली आणि बरोबर निघाली. मग ब्रँडनिहाय तफावत काढली. बहुतेक ब्रँड ठीक होते. वेगळे दिसले ते चार: रम, व्होडका आणि दोन व्हिस्की, एक महाग आणि एक साधी.

रम १,५०० मिलिलिटर कमी होती, म्हणजे बरोबर दोन बाटल्या. तूट पूर्ण बाटल्यांत असते तेव्हा ती ग्लासातून गेलेली नसते. एकेक पेग करत गेलेली दारू अशा गोल आकड्यावर क्वचितच येऊन थांबते. पूर्ण बाटली जाते ती गोदामातून, दारातून किंवा कागदावरून. म्हणून आधी कागद बघायचे: पुरवठादाराच्या बिलात जेवढ्या बाटल्या लिहिल्या तेवढ्या उतरल्या का, आणि इथून दुसऱ्या काउंटरला काही गेलं का. इथे दुसरं निघालं. शनिवारी वरच्या मजल्यावर खासगी समारंभ होता, तिथे रम संपली आणि कुणीतरी दोन बाटल्या वर नेल्या. त्यांची विक्री वरच्या काउंटरच्या नावावर चढली, बाटल्या मात्र खालच्या खात्यावर राहिल्या. वरच्या काउंटरला दोन बाटल्यांची वाढ दिसली तेव्हा हे पक्कं झालं. दारू हरवलीच नव्हती. पण ही नोंद सापडली नसती तर गोदामाच्या किल्ल्या ज्याच्याकडे, त्याच्यावर ठपका आला असता.

व्होडकाची गोष्ट निराळी. सुरुवातीला ६,३०० मिलिलिटर होती, ९,००० आली, ७,२९० उरली. म्हणजे ८,०१० वापरली गेली. बिलांत ३० मिलिलिटरचे १८० पेग आणि ४० कॉकटेल होती. कॉकटेलचं माप मशीनमध्ये ४५ मिलिलिटर घातलेलं. पेगचे ५,४०० आणि कॉकटेलचे १,८०० मिळून ७,२०० लागायला हवी होती. तूट ८१० मिलिलिटर, म्हणजे २७ पेग. ऐकायला चोरीच वाटते.

अशा वेळी तुटीला पेयांच्या संख्येने भागून बघावं. ती सगळ्या २२० पेयांवर सारखी पसरली, तर प्रत्येकात जवळपास पावणेचार मिलिलिटर जास्त पडले असं निघतं. हात सैल असेल तर तेवढं पडू शकतं. पण मग ती सवय इतर ब्रँडवरही दिसायला हवी होती, कारण ओतणारे हात तेच आहेत. इथे बाकीचे बहुतेक ब्रँड जवळपास जागेवर होते. फरक फक्त व्होडकात आहे, आणि व्होडकात वेगळं काय, तर कॉकटेल. म्हणून बारटेंडरना बिल न करता, फक्त मोजण्यासाठी तीच कॉकटेल करायला सांगितली आणि त्यात पडणारी व्होडका मोजनळीत घालून पाहिली. तिघांनीही ६० मिलिलिटर घातली. पाककृती बदलली गेली होती, ग्लास मोठा आला होता, आणि मशीनमधलं माप जुनंच राहिलं होतं. ४० कॉकटेलमागे १५ मिलिलिटर जास्त म्हणजे ६०० मिलिलिटर. उरले २१०. ते १८० पेगांवर पसरले तर पेगमागे सव्वा मिलिलिटरही नाही. मापाने ओतणाऱ्या हाताकडून एवढं होतंच.

यात दोष बारटेंडरचा नव्हता. पण प्रश्न सुटला असंही नाही. ६० मिलिलिटर ठेवायचे असतील तर किंमत त्याप्रमाणे ठरवायला हवी, आणि मशीनमधलं माप आजच बदलायला हवं. ते चुकीचं राहिलं तर त्याच्या आडोशाला दर आठवड्याला ६०० मिलिलिटर कुणीही नेऊ शकतो आणि सगळे म्हणतील, व्होडका कमी पडतेच.

दोन व्हिस्कींची जोडी

खरं प्रकरण इथे होतं. महाग व्हिस्कीचे ९० पेग विकले गेले, म्हणजे २,७०० मिलिलिटर. वापरली गेली ३,३२०. तूट ६२०. साध्या व्हिस्कीचे २१० पेग विकले, म्हणजे ६,३००. वापरली गेली ५,७१० आणि ५९० मिलिलिटर चक्क जास्त उरली.

बारमध्ये दारू आपोआप वाढत नाही. एक ब्रँड जेवढा कमी, जवळपास तेवढाच दुसरा जास्त, अशी जोडी दिसली की एकाच्या नावाने दुसरं ओतलं गेलं असं समजावं. आता दिशा बघायची. महाग कमी आणि साधी जास्त, म्हणजे बिल साध्या व्हिस्कीचं झालं आणि ग्लासात महाग गेली, साधारण २० वेळा. हेच उलट असतं, महाग जास्त आणि साधी कमी, तर फसवणूक गिऱ्हाइकाची झाली असती: पैसे महाग व्हिस्कीचे आणि ग्लासात साधी. बार उघडपणे तोट्यात जात नाही म्हणून हा दुसरा प्रकार मालकांच्या नजरेतून सुटतो, आणि म्हणूनच वाढ दिसली तरी तिचा तपास तुटीइतक्याच गंभीरपणे करायला हवा.

इथेही निष्पाप कारण शक्य होतं. मशीनच्या पडद्यावर दोन्ही व्हिस्कींची बटणं शेजारी असतील तर चुकीचं दाबलं जाऊ शकतं. पण चुकीचा हात दोन्ही बाजूंना चुकतो आणि सगळ्या पाळ्यांत चुकतो. म्हणून पुढचा आठवडाभर फक्त या दोन ब्रँडच्या काउंटरवरच्या बाटल्या प्रत्येक पाळी बदलताना वजन करून लिहिल्या. काम पाच मिनिटांचं. दुपारच्या पाळ्या आणि आठवड्याच्या सुरुवातीच्या रात्री जवळपास कोऱ्या निघाल्या. जोडी उमटली ती फक्त शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री, आणि दर वेळी त्याच दिशेने. बटणाची चूक अशी दोन रात्री निवडत नाही.

मग त्या दोन रात्रींची साध्या व्हिस्कीची बिलं काढली. कुठल्या टेबलावर, कुणी नोंदवली, किती वाजता. एकाच वेटरच्या नोंदी बाकीच्यांच्या कितीतरी पट निघाल्या, आणि त्याच वेळचं काउंटरवरचं चित्रीकरण बघितलं तर हात महाग बाटलीकडे जात होता. तो वेटर मशीनमध्ये साधी टाकायचा, काउंटरवर तोंडी महाग सांगायचा, ओळखीच्या गिऱ्हाइकांना देऊन बक्षिसी घ्यायचा. बारटेंडर ऐकून ओतत होता, चिठ्ठी वाचत नव्हता. छापील चिठ्ठीत जे असेल तेच ओतायचं, हा नियम पाळला असता तर हे सुरूच झालं नसतं.

पैशांत मांडलं तर रमचे सुमारे १,०००, व्होडकाचे ६५०, व्हिस्कीच्या अदलाबदलीचे १,२५०, बाकी शंभरेक किरकोळ. तीन हजार जुळले. त्यांतली अप्रामाणिकपणाची रक्कम अर्ध्याहूनही कमी होती. मात्र तिचा खरा तोटा यापेक्षा मोठा आहे, कारण महाग आणि साध्या पेगच्या विक्री किमतीतला फरकही बुडाला, आणि तो तफावतीत कुठेच दिसत नाही.

"सांडतं, फुटतं, फुकटही द्यावं लागतं. त्याचं काय?"

द्यावं लागतं, पण लिहावंही लागतं. सांडलेला पेग, परत आलेलं पेय, फुटलेली बाटली, मालकाने मित्राला पाजलेली दारू, या सगळ्यांची शून्य किमतीची नोंद मशीनमध्ये झाली की ती तफावतीतून बाहेर पडते. अनुभवी लोक इथे एक गोष्ट बघतात: सांडल्याची नोंद कुणाच्या पाळीत वारंवार होते आणि ती नेहमी महाग ब्रँडचीच असते का. हात सगळ्या बाटल्यांवर सारखाच घसरतो.

नळाची बियर यातून वेगळी काढावी. तिचा फेस जातो, पिंप बदलताना जाते, आणि नळी धुताना नळीतली सगळी बियर टाकावी लागते. धुण्याआधी ती भांड्यात काढून मोजली तर तेवढा भाग समजतो. बाटलीच्या दारूचा निकष तिला लावला तर दर आठवड्याला उगाच धावपळ होईल.

"तफावत शून्य आली, म्हणजे चिंता मिटली?"

नाही, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. समजा बारटेंडर ३० ऐवजी २५ मिलिलिटर ओततो. सहा पेगांत ३० मिलिलिटर वाचले. तेवढ्यात त्याने सातवा पेग २५चाच ओतला, बिल न करता पैसे खिशात टाकले, तर साठा जुळतो आणि वर पाच मिलिलिटर उरतातच. किंवा तो स्वतःची बाटली आणतो, तीच विकतो, पैसे ठेवतो. बारची दारू हललीच नाही, तर तफावत कुठून येणार? तिसरा मार्ग पाण्याचा. महाग दारू काढून तेवढं पाणी घातलं की डोळ्याला आणि काट्याला बाटली भरलेलीच दिसते.

पाणी घातलेली दारू घनतामापकात पकडता येते. बिनसाखरेच्या दारूत पाणी वाढलं की तिची घनता १ कडे सरकते, आणि त्याच ब्रँडच्या न उघडलेल्या बाटलीशी त्याच तापमानाला तुलना केली की फरक समोर येतो. साखर घातलेल्या पेयांत ही चाचणी उपयोगाची नाही. बाहेरची बाटली अडवायला गोदामातून निघणाऱ्या प्रत्येक बाटलीवर बारचं चिकटपट्टीचं लेबल लावतात आणि लेबल असलेली रिकामी बाटली परत दिल्याशिवाय भरलेली देत नाहीत. बिनलेबलाची रिकामी बाटली कचऱ्यात सापडली तर ती कुठून आली हा प्रश्न लगेच विचारता येतो.

कमी मापाचा शोध मात्र साठ्यात लागत नाही, तो ग्लासात लागतो. गर्दीच्या वेळी, आगाऊ न सांगता, गिऱ्हाइकाकडे निघालेला पेग थांबवून मोजनळीत ओतावा आणि गिऱ्हाइकाला नवा द्यावा. एखाद्या पाळीत पाचांतले चार पेग २५ वर भरले, तर त्या पाळीची गिऱ्हाईकसंख्या आणि विक्री शेजारच्या पाळीशी ताडून बघायची. माणसं तेवढीच, साठा जुळलेला, आणि गल्ला मात्र दर वेळी कमी, असं दिसलं की बिलाविना उघडलेल्या गल्ल्याच्या नोंदी काढाव्यात.